रुमालाने धरलेली जागा

मावसभावाच्या मुलीचं लग्न नागपूरला होतं. ते उरकून आम्ही मुंबईला निघालो आणि रात्री 10 वाजता समृद्धी महामार्गावर चढलो. गाडी मावसभावाकडे होती, मी शेजारी. त्या दिवशी तो सकाळी साडेसहाला उठलेला, आणि लग्नघरात दुपारी पाठ टेकायला कुणाला मिळते? दीडच्या सुमारास जालन्याच्या आसपास एका पंपावर थांबलो. टपरीवाल्याने मशीनमधून कागदी ग्लासात फेसाळ, गोड कॉफी दिली. ती मावसभावाने चार घोटांत संपवली, तोंडावर पाणी मारलं आणि किल्ली फिरवली. मी म्हटलं, "अरे, दहा मिनिटं बस तरी." त्यावर त्याचं उत्तर, "दादा, कॉफी घेतली ना आता. चल." पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत टायरांखालून खडखडाट आला. लेनच्या कडेला मुद्दाम खडबडीत केलेल्या पट्टीवर आमची चाकं गेली होती. तो दचकून म्हणाला, "झोपलो नव्हतो हं मी."

चूक कॉफी प्यायल्याची नव्हती. ती प्यायल्यावर लगेच निघण्याची होती.

मेंदूच्या पेशी दिवसभर ऊर्जा खर्च करतात. त्या कामाचा गाळ म्हणावा असा ॲडेनोसिन नावाचा पदार्थ पेशींच्या आजूबाजूला साचत जातो. त्याच्यासाठी पेशींवर ठरावीक जागा असतात. तिथे तो जाऊन बसला की जागेपणा राखणारी यंत्रणा मंदावते आणि आपल्याला झोप येऊ लागते. कॅफीनच्या रेणूचा आकार ॲडेनोसिनशी इतका मिळताजुळता असतो की तो त्याच जागांवर बसू शकतो. पण बसून करत काहीच नाही, फक्त जागा अडवतो. एसटी फलाटाला लागताच खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, अगदी तसं. रुमाल प्रवास करत नाही, पण त्याच्यामुळे दुसऱ्याला बसता येत नाही. बसायला न मिळालेला ॲडेनोसिन मात्र गाडीतून उतरलेला नसतो. तो उभ्यानेच प्रवास करत असतो आणि दर थांब्यावर आणखी माणसं चढत असतात. कॉफी झोप घालवते असं आपण म्हणतो खरं, पण ती झोप फक्त उभी ठेवते.

आता वेळेचं पाहू. कॉफी पोटातून आतड्यात, तिथून रक्तात आणि मग मेंदूत जाते. परिणाम जाणवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि पूर्ण जोर यायला साधारण पाऊण तास. रिकाम्या पोटी थोडं लवकर, लग्नाच्या पंगतीनंतर थोडं उशिरा. ग्लास संपताच जी तरतरी वाटते ती गरम घोटाची, साखरेची आणि पाय मोकळे केल्याची. ती दहा मिनिटांत ओसरते. म्हणजे तरतरी गेली आणि कॅफीन अजून पोचायचं आहे, अशी एक पोकळी मधे राहते. आमच्या चाकांनी पट्टी ओलांडली ती याच पोकळीत.

या पोकळीचा उपयोग कसा करायचा हे इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या जिम हॉर्न आणि लुईस रेनर या झोपेच्या अभ्यासकांनी 1990च्या दशकात दाखवून दिलं. आदल्या रात्री जेमतेम पाच तास झोपू दिलेल्या तरुणांना त्यांनी दुपारी एका जागीच उभ्या असलेल्या गाडीत बसवलं. समोर पडद्यावर कंटाळवाणा, सरळ महामार्ग. दोन तास चालवायचं, आणि गाडी लेनबाहेर किती वेळा जाते ते मोजायचं. सुरुवातीला अर्ध्या तासाची विश्रांती. त्यात कुणाला कॅफीन नसलेलं पेय, कुणाला 200 मिलिग्रॅम कॅफीन, तर कुणाला तेवढंच कॅफीन पाजून लगेच पंधरा मिनिटांहून कमी वेळाची डुलकी. नुसत्या पेयावर गाडी 100 वेळा लेनबाहेर गेली असं धरलं, तर कॅफीनवर ती 34 वेळा गेली. कॅफीन आणि डुलकी मिळून हा आकडा 9 वर आला. खरी झोप न लागता नुसतं पेंगत पडलेल्यांनाही फायदा झाला, हे मला त्यातलं सगळ्यात उपयोगी वाटतं. कारण "मला गाडीत झोप लागत नाही" ही सबब प्रत्येकाकडे तयार असते.

एसटीच्या भाषेत सांगायचं तर झोपेत ॲडेनोसिनचे काही प्रवासी उतरतात आणि सीटा रिकाम्या होतात. त्याच वेळी खिडकीतून रुमाल येऊन पडतात. क्रम उलटा केला, म्हणजे आधी झोपून मग कॉफी घेतली, तर उठल्यावर पुन्हा वीस मिनिटं वाट पाहायची. डुलकीला पंधरा-वीस मिनिटांचीच मर्यादा का? अर्ध्या तासाच्या पुढे मेंदू गाढ झोपेत उतरू लागतो. तिथून कुणी हलवून उठवलं की माणूस बराच वेळ बधिर असतो. दुपारी चांगले दोन तास झोपून उठल्यावर सकाळ की संध्याकाळ कळत नाही, तीच ही अवस्था. त्यात स्टिअरिंग हाती घ्यायचं नाही.

आता कॉफी किती, हा आपल्याकडचा खरा घोळ. नुसत्या कॉफीच्या बरणीतल्या, चिकरी नसलेल्या पावडरीच्या सपाट चमच्यात, म्हणजे सुमारे 2 ग्रॅममध्ये, साधारण 60 मिलिग्रॅम कॅफीन असतं. 200च्या जवळ जायला तीन चमचे लागतील, आणि तो काढा कडूच लागणार. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत चिकरीचा वाटा मोठा असतो, आणि चिकरीत कॅफीन शून्य. पाकिटाच्या मागे टक्केवारी छापलेली असते, ती वाचावी. मशीनच्या कॉफीत दूध पावडर आणि साखर मुबलक, कॉफी नावाला. कटिंग चहात वीस-तीस मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून रात्रीच्या प्रवासात बरणी आणि थर्मासमध्ये गरम पाणी सोबत ठेवणं मला बरं वाटतं. निरोगी प्रौढाने एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015मध्ये सांगितलं आहे. ज्यांच्या हृदयाचे ठोके कॉफीने चुकतात त्यांनी या वाटेला जाऊच नये.

आणि ती पुरते किती? पुस्तकात उत्तर सोपं असतं. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. सिगारेट ओढणाऱ्यांचं यकृत ते लवकर निपटतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये वेळ जवळजवळ दुप्पट होतो. मग दीडला घेतलेली कॉफी सकाळी साडेसहापर्यंत निम्मी शिल्लक, म्हणजे मुंबई गाठायला पुरेशी, असा हिशेब कुणीही करेल.

हाच हिशेब हॉर्न आणि रेनर यांनी 2000 साली छापलेल्या प्रयोगात फसला. पहाटे 6 ते 8 ही चालवण्याची वेळ आणि कॅफीन तेच, 200 मिलिग्रॅम. रात्री पाच तास झोपलेल्यांना ते पूर्ण दोन तास पुरलं. रात्रभर अजिबात न झोपलेल्यांना जेमतेम अर्धा तास. कॅफीन दोघांनाही सारखंच दिलं होतं. फरक उभ्या प्रवाशांच्या गर्दीचा. पाच तास तरी झोपलेल्याच्या गाडीत रुमालांनी काम भागतं. चोवीस तास जागलेल्याच्या गाडीत इतकी गर्दी असते की लोक रुमाल बाजूला सारून बसतात. त्यात शरीराचं घड्याळ वेगळंच ओढत असतं. रात्री 2 ते 6 या वेळात, भरपूर झोपलेल्याचंही शरीर थंडावतं आणि जागेपणाचा जोर तळाला जातो. कॉफी त्या घड्याळाचे काटे त्या रात्रीत पुढे सरकवू शकत नाही. म्हणूनच दीडची कॉफी चांगली लागू पडल्यासारखी वाटते आणि चारची दुसरी कॉफी फारसं काही करत नाही.

आमच्या त्या रात्रीचा हिशेब आता बसून मांडतो. साडेसहाला उठलेला माणूस रात्री साडेअकराला 17 तास जागा होता. सलग 17 तासांच्या जागरणानंतर हात आणि डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढासळतो, असं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी 1997मध्ये मोजून दाखवलं. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 आहे. म्हणजे कारंजा लाडचा फाटा मागे पडेपर्यंत माझा मावसभाऊ, थेंबही न घेता, मर्यादेबाहेर गेलेला होता. दीडला तो 19 तास जागा. समृद्धीवर ताशी 120ची मुभा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे क्रिकेटचं मैदान या सीमारेषेपासून त्या सीमारेषेपर्यंत, डोळे मिटून.

दीडला करायला हवं होतं ते असं. पंपाच्या आवारात, उजेडात गाडी लावायची, महामार्गाच्या कडेला कधीच नाही. इंजिन बंद, काच बोटभर खाली. तीन चमच्यांची कॉफी पिऊन लगेच सीट मागे करायची आणि मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर. उठल्यावर पाचेक मिनिटं चालायचं. सव्वादोनपर्यंत निघता आलं असतं. 19 तासांच्या जागरणावर, आणि तेही पहाटेच्या त्या वेळात, मी ही कॉफी फार तर दीड-पावणेदोन तासांची धरतो. तेवढ्यात नागपूरपासून 520 किलोमीटरवरचं शिर्डी येतं. महामार्ग संपेपर्यंतचे पुढचे 180 किलोमीटर त्या कॉफीच्या हिशेबात बसतच नाहीत.

वेळेच्या आधीही थांबावं लागतं, ते ओळखायचं कसं? जांभई ही फार ढोबळ खूण. मागची पाच किलोमीटर कशी गेली ते आठवत नाही, वेग आपोआप ऐंशीवर येतो आणि पुन्हा वाढतो, पाटी वाचली पण कळली नाही, मान नव्हे तर पापणी जड होते, या खुणा जास्त खऱ्या. लफबरोच्या प्रयोगात कुणीही कल्पना नसताना एकदम झोपलं नाही. आधी झोपेशी झगडत असल्याचं प्रत्येकाला कळत होतं. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं हा तोच झगडा. हे दोन्ही उपायही त्यांनी तपासले. गार वारा आणि रेडिओ, दोन्हींचा फायदा थोडा आणि थोडाच वेळ. मला विचाराल तर काच खाली करण्यासाठी बटणाकडे बोट गेलं की तोच थांबायचा क्षण.

त्या रात्री पट्टीचा खडखडाट झाल्यावर मी किल्ली मागितली, पण मीही तितकाच जागा होतो. शेवटी हळूहळू, बोलत बोलत पुढच्या पंपापर्यंत गेलो आणि दोघेही झोपलो. वीस मिनिटांचा गजर मी बंद केल्याचं त्याचं म्हणणं, त्याने केल्याचं माझं. जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते. काचेवर दव होतं आणि टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता. मावसभावाने चहा मागवला.