खरेदी किमतीचा नांगर आणि बुडीत खर्चाचा सापळा

खरेदी किमतीचा नांगर म्हणजे समभाग ठेवावा की विकावा हे ठरवताना, तो कोणत्या भावाने घेतला होता या आकड्याला मन अडकून राहणे. बुडीत खर्चाचा सापळा म्हणजे परत न मिळणाऱ्या रकमेपायी पुढील निर्णय घेणे. हे दोन दोष एकत्र आले की गुंतवणूकदार तोट्यातील समभाग दीर्घकाळ धरून ठेवतो.

स्वरूप

समभागाची खरेदी किंमत ही धारकाची खाजगी माहिती असते, बाजाराला ती ठाऊक नसते. कंपनीची पुढील कमाई, कर्जफेडीची क्षमता आणि समभागाचा आजचा भाव यांवर तिचा कोणताही परिणाम होत नाही. तरीही "घेतलेला भाव आला की विकू" असा निश्चय केला जातो, कारण विक्री होईपर्यंत तोटा कागदोपत्रीच आहे असे वाटते आणि विकणे म्हणजे स्वतःची चूक मान्य करणे ठरते.

हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या प्रवृत्तीचे विवेचन केले. नफ्यातील समभाग लवकर विकायचे आणि तोट्यातील धरून ठेवायचे, असे तिचे रूप आहे. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील एका दलाली संस्थेच्या १०,००० खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विक्रीच्या दिवशी हाती असलेल्या नफ्यांपैकी १४.८ टक्के, तर तोट्यांपैकी केवळ ९.८ टक्के प्रत्यक्षात आणले गेल्याचे आढळले. विकलेल्या समभागांनी पुढील वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातील समभागांपेक्षा सरासरी अधिक परतावा दिला.

उदाहरण: दिवाण हाऊसिंग फायनान्स

मुंबईस्थित दिवाण हाऊसिंग फायनान्स कॉर्पोरेशनचा समभाग २१ सप्टेंबर २०१८ रोजी एका दिवसात सुमारे ६१० रुपयांवरून सुमारे ३५१ रुपयांवर घसरला. नागपूरमधील एका काल्पनिक गुंतवणूकदाराने त्याआधी ६१० रुपये भावाने १०० समभाग घेतले होते असे मानू. त्याने गुंतवलेल्या ६१,००० रुपयांचे त्या संध्याकाळी ३५,१०० रुपये उरले. मूळ भाव परत येण्यास आता सुमारे ७४ टक्के वाढ आवश्यक होती.

अशा वेळी पुष्कळजण "सरासरी खाली आणतात". आणखी १०० समभाग ३५१ रुपयांना घेतल्यास सरासरी खरेदी किंमत ४८०.५० रुपये होते आणि ३७ टक्के वाढ पुरेशी वाटते. वस्तुतः कंपनीत काहीही बदललेले नसते, केवळ त्याच जोखमीत गुंतलेली एकूण रक्कम ६१,००० वरून ९६,१०० रुपये होते.

पुढील घटनांचा ६१० या आकड्याशी काही संबंध नव्हता. जून २०१९ मध्ये कंपनीने रोख्यांवरील देणी चुकवली. २० नोव्हेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि त्यानंतर दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. जून २०२१ मध्ये पिरामल समूहाची योजना मंजूर झाली. तीत जुन्या समभागांचे मूल्य शून्य धरण्यात आले आणि त्यांची बाजारातील नोंदणी रद्द झाली. पहिल्या घसरणीच्या दिवशी विकणाऱ्याला २५,९०० रुपयांचा तोटा झाला असता. शेवटपर्यंत थांबून सरासरी खाली आणणाऱ्याचे ९६,१०० रुपये गेले असते.

ओळखण्याची कसोटी

योग्य प्रश्न असा आहे: समभाग विकून ३५,१०० रुपये हाती आले असते, तर त्याच पैशांतून आज हाच समभाग घेतला असता काय? उत्तर नकारार्थी असेल, तर समभाग ठेवण्यामागे बहुधा खरेदी किंमतच आहे. समर्थनाच्या वाक्यांतून खरेदीचा भाव वगळून पाहिल्यावर काही कारण उरते का, हेही तपासता येते. "इतके दिवस थांबलोच आहोत" हे कारण नसून बुडीत खर्चाची आठवण आहे.

खरेदी किंमत एकाच ठिकाणी खरोखर उपयोगी ठरते, ते म्हणजे प्राप्तिकरात. विक्रीने झालेला भांडवली तोटा नियमांनुसार भांडवली नफ्यातून वजा करता येतो आणि उरलेला तोटा विवरणपत्र मुदतीत भरल्यास पुढील आठ वर्षांपर्यंत ओढता येतो. मात्र दीर्घकालीन तोटा केवळ दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. त्यामुळे काही वेळा तोट्यात विकण्याला करदृष्ट्या लाभ असतो.

मर्यादा

तोट्यातील प्रत्येक समभाग विकावा असा याचा अर्थ नाही. संपूर्ण बाजार घसरला असताना सुस्थितीतील कंपनीचा समभाग ठेवणे, किंवा घटलेल्या भावात तो अधिक घेणे, हा विचारपूर्वक निर्णय असू शकतो. दिवाण हाऊसिंगचा शेवट सप्टेंबर २०१८ मध्ये निश्चित नव्हता, म्हणून केवळ परिणामावरून तेव्हाचा निर्णय चुकीचा ठरवता येत नाही. दोष थांबण्यात नसून, देणी चुकवल्याची बातमी आल्यावरही निर्णयाचा आधार ६१० हाच आकडा राहण्यात आहे.