भ्रमणध्वनीचे दोन मायक्रोफोन

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून एखादा शिक्षक भ्रमणध्वनीवर बोलतो, तेव्हा गाड्यांच्या घरघरीतही पलीकडच्यास त्याचे शब्द कळतात. ह्याचे कारण असे की, पुष्कळशा यंत्रांत एक मायक्रोफोन खालच्या कडेस व दुसरा वरच्या बाजूस बसविलेला असतो. समजा, तोंड खालच्यापासून 4 व वरच्यापासून 16 सेंटिमीटरांवर आहे. अंतर चौपट, म्हणून वरच्यावर बोलण्याचा दाब सुमारे चतुर्थांश पडतो. 10 मीटरांवरील गाडीचा आवाज मात्र दोहोंवर जवळजवळ सारखाच पडतो. तेव्हा दोहोंत सारख्या जोराने येणारा भाग गोंगाट समजून यंत्र तो खालच्या आवाजातून कमी करते.

यंत्र दूर टेबलावर ठेवले की हा भेद नाहीसा होतो. मग आधार उरतो वेळेचा. 15 सेंटिमीटर जाण्यास ध्वनीस सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही थोडा कमी वेळ लागतो, आणि एवढ्याशा फरकावरून दिशेचा अंदाज बांधता येतो. परंतु बोलणाऱ्याच्या मागेच वर्गाचा गलका असेल, तर दिशा एकच. तेथे ही युक्ती चालत नाही.

वरचे छिद्र बोटाखाली झाकणे हा तर नेहमीचाच दोष. बोट काढताच पलीकडे गोंगाट उतरला, तर कारण तेच समजावे.