साहेबांच्या नातलगाला निरोप देताना

कार्यालय सोडून जाणारी व्यक्ती साहेबांची पत्नी, मुलगा किंवा भाऊ असेल, तर निरोपाच्या कार्डावरचा मजकूर दोघे जण वाचतात: जाणारी व्यक्ती आणि साहेब. लिहिणाऱ्याचं लक्ष दुसऱ्या वाचकाकडे गेलं की मजकूर बिघडतो. 'साहेबांसारख्याच तुम्हीही कर्तबगार' या वाक्यात कौतुक साहेबांचं होतं आणि जाणाऱ्या व्यक्तीने स्वतः केलेलं काम पुसलं जातं.

म्हणून नातं बाजूला ठेवून कामाबद्दल लिहावं. समजा, साहेबांच्या पत्नी हिशेब विभागातून निवृत्त होत आहेत आणि सगळे त्यांना ताई म्हणतात. मग कार्डावरही 'ताई'च हवं; एरवी कधी न वापरलेलं 'वहिनीसाहेब' तिथे उपरं वाटतं. मजकूर असा चालेल: 'ताई, मार्चअखेरीला हिशेब जुळत नसला की तुम्ही शेजारी बसून एकेक व्हाउचर तपासून घ्यायचात. ती सवय आम्हालाही लागली. पुढील वाटचालीस मनापासून शुभेच्छा.' कसोटी सोपी आहे: त्या साहेबांच्या कोणी नसत्या, तरी हेच लिहिलं असतं का?

'आता साहेबांना वेळेवर डबा मिळेल' छापाचा विनोद तर नकोच. तो बाईच्या इतक्या वर्षांच्या नोकरीला कमी लेखतो. नोकरी सोडण्याच्या कारणाबद्दलचे अंदाज आणि 'साहेबांकडून खुशाली कळेलच' हेही टाळावं. ओळख जेमतेम असेल, तर दोन ओळी आणि सही पुरे. तिथे लांबलचक स्तुती कोणासाठी लिहिली आहे, हे लगेच कळतं.