बावीस श्रुती आणि गायकाचा स्वर

षड्जापासून वरच्या षड्जापर्यंतच्या अंतरात बावीस श्रुती असतात, असे भारतीय संगीताचे जुने शास्त्र सांगते. श्रुती म्हणजे कानाला वेगळे ओळखता येईल असे सूक्ष्म नादांतर. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाच्या सात स्वरांना या श्रुती वाटून दिल्या आहेत: षड्जाला ४, ऋषभाला ३, गांधाराला २, मध्यमाला ४, पंचमाला ४, धैवताला ३ आणि निषादाला २. स्वर आपल्या वाट्याच्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. म्हणजे षड्जापासून तीन श्रुती वर गेले की ऋषभ, तिथून दोन श्रुतींवर गांधार. अशा मांडणीतून मिळणारे सप्तक आजच्या बिलावलसारखे नसून काफीच्या जवळचे आहे. त्यातले गांधार आणि निषाद आपण कोमल म्हणतो ते.

हा आकडा बावीसच का, याचे उत्तर भरताने एका प्रयोगात दिले आहे. त्याचा आधार आहे संवाद. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते एकमेकांचे संवादी. सा-म हे नऊ श्रुतींचे, सा-प हे तेरा श्रुतींचे. हे दोन्ही संवाद कानाला नेमके कळतात, कारण तारा जुळल्या की त्यांच्यातली थरथर थांबते. षड्जग्रामात ऋषभ आणि पंचम यांच्यात मात्र दहा श्रुती पडतात, म्हणून ते जुळत नाहीत. पंचम एका श्रुतीने उतरवला की ते जुळतात, आणि या उतरलेल्या पंचमाचा तो मध्यमग्राम. दोन पंचमांमधल्या या अंतराला भरताने प्रमाणश्रुती म्हटले.

हे अंतर आकड्यांत काढता येते. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर सा-प आणि सा-म या संवादांनी पंचम ३६० आणि मध्यम ३२० कंपनांचा येतो. धैवत मध्यमाशी गोड लागेल असा लावला तर तो ४०० चा, आणि त्याच्याशी संवादी ऋषभ सुमारे २६६.७ चा. या ऋषभाशी मध्यमाच्या नात्याने जुळणारा पंचम सुमारे ३५५.६ चा हवा. ३६० आणि ३५५.६ यांतला फरक म्हणजे प्रमाणश्रुती. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर १०० मानले, तर हा फरक जेमतेम २२ भरतो. या मापाला सेंट म्हणतात आणि पूर्ण सप्तक १२०० सेंटचे असते.

पुढचा प्रयोग दोन सारख्या वीणांवर होतो. दोन्ही षड्जग्रामात लावायच्या. एक तशीच ठेवायची, ती ध्रुववीणा, आणि दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवायची, ती चलवीणा. पहिल्या सारणेत चलवीणेचा पंचम ऋषभाशी जुळेपर्यंत उतरवायचा आणि बाकीचे स्वर त्या पंचमाला धरून पुन्हा षड्जग्रामात लावायचे. अशी ती वीणा एका श्रुतीने खाली येते. दुसऱ्या सारणेत ती आणखी उतरवली की तिचे गांधार आणि निषाद ध्रुववीणेच्या ऋषभ आणि धैवतावर येऊन मिळतात. तिसऱ्या सारणेत ऋषभ आणि धैवत हे षड्ज आणि पंचमावर येतात. चौथीत षड्ज, मध्यम आणि पंचम हे निषाद, गांधार आणि मध्यमावर. दोन स्वर दोन-दोन श्रुती, दोन स्वर तीन-तीन आणि तीन स्वर चार-चार श्रुती उतरले. त्यांची बेरीज चार, सहा आणि बारा, म्हणजे बावीस.

पण या चार पायऱ्यांची उंची सारखी नाही. वरच्या संवादांप्रमाणे षड्जग्रामातले चार श्रुतींचे अंतर सुमारे २०४ सेंटचे, तीन श्रुतींचे १८२ चे आणि दोन श्रुतींचे ११२ चे पडते. म्हणून चार सारणांची उतरंड सुमारे २२, ९०, ७० आणि पुन्हा २२ सेंट अशी येते. एकालाही चारही वेळा ‘श्रुती’च म्हटले जाते, आणि नंतरच्या बहुतेक गोंधळाचे मूळ इथे आहे. सप्तकाचे बावीस समान भाग केले तर एक भाग ५४.५ सेंटचा होतो आणि तेरा भागांचा पंचम सुमारे ७०९ सेंटवर जातो. शुद्ध पंचम ७०२ चा असतो. सात सेंटची ही चूक तानपुऱ्यावर लगेच उघडी पडते, कारण पंचमाची तार षड्जाशी मिळत नाही आणि नाद डुलू लागतो. समान श्रुतींची फूटपट्टी संवादाच्या पहिल्याच कसोटीला उतरत नाही.

तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने बावीस तारांची वीणा सांगितली; प्रत्येक तार आधीच्या तारेहून इतकी किंचित चढी की मध्ये तिसरा नाद मावू नये. विसाव्या शतकात विष्णु नारायण भातखंडे यांनी बावीस श्रुती स्वीकारल्या, पण स्वर शेवटच्याऐवजी पहिल्या श्रुतीवर ठेवला. त्यामुळे तेच ४-३-२-४-४-३-२ हे आकडे आजच्या बिलावलाला लागू झाले. त्याच काळात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये पुस्तक प्रसिद्ध करून प्रत्येक श्रुतीला गुणोत्तर नेमून दिले. ई. क्लेमेंट्स यांनी त्यांच्यासह श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत यावर वाद झडला. गायकाचा स्वर बावीस ठरलेल्या पट्ट्यांपैकी एकीवरच उभा असतो, ही त्या बाजामागची समजूत होती. ती टिकणारी नव्हती.

कसोटीसाठी यमनचा गांधार घ्यावा. तानपुऱ्याची खर्जाची तार १२० कंपनांची असली, तर तिच्या नादात पाचपट, म्हणजे ६०० कंपनांचा, सूक्ष्म गांधार आपोआप ऐकू येतो. गायकाने ३०० चा गांधार लावला की त्याच्या दुप्पट स्वरांश त्यात नेमका विरघळतो आणि स्वर स्थिर, भरीव वाटतो. हार्मोनियमचा गांधार सुमारे ३०२.४ चा असतो. त्याचा दुप्पट अंश सुमारे ६०४.८ चा, म्हणून तानपुऱ्याबरोबर सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे ऐकू येतात. संथ आलापीत न्यासाच्या स्वरावर हा फरक साध्या कानालाही कळतो. द्रुत तानेत त्याला अर्थ राहत नाही, कारण तिथे स्वर थांबतच नाही.

प्रत्यक्ष मोजणीनेही हेच दाखवले. नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये ध्वनिमुद्रणांतून स्वर मोजले, पुढे मार्क लेव्ही यांनीही तसे काम केले. एकाच स्वराची उंची कलाकारागणिक बदलते आणि एकाच कलाकाराच्या एकाच मैफलीतही ती हलते. न हलणारे आधार षड्ज आणि पंचम. बाकीचे स्वर एका पट्ट्यात वावरतात आणि त्या पट्ट्याची रुंदी सहज एक-दोन श्रुती भरते.

गायक ज्याला श्रुती म्हणतात तो शब्दही वेगळ्या अर्थाने येतो. दरबारीचा गांधार अतिकोमल, भीमपलासीचा त्याहून थोडा चढा, असे ते सांगतात तेव्हा बाविसांपैकी क्रमांक सांगत नाहीत. त्या रागात स्वर कोणत्या बाजूला झुकतो ते सांगतात. दरबारीत तर गांधार एका जागी उभाच राहत नाही. तो ऋषभाच्या दिशेने झुलत, मध्यमाचा स्पर्श घेत आंदोलित होतो, आणि मोजू पाहिले तर आलेख एका रेषेऐवजी लाट दाखवतो. त्या लाटेतला एखादा बिंदू श्रुतीचा म्हणून निवडला, तर रागाचा गांधार हातून सुटतो. म्हणून गुरू हा स्वर एकटा शिकवत नाहीत. म प, ध नि प, मग म रे सा अशा संगतीतच तो पुन्हा पुन्हा गाऊन घेतात.