स्थिर रेंडरवरून वॉकथ्रू : निवेदनाची संहिता कशी लिहावी

या पाठात आपण नमुना सदनिकेच्या स्थिर रेंडर-चित्रांपासून तयार केलेल्या छोट्या व्हिडिओसाठी निवेदन कसे लिहायचे ते पाहू. उदाहरणासाठी दोन बेडरूमची सदनिका आणि आठ रेंडर घेतले आहेत.

ॲनिमेशनमध्ये कॅमेरा दारातून आत चालत जातो, त्यामुळे प्रेक्षकाला दिशा आपोआप कळते. स्थिर चित्रांत मात्र कॅमेरा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतो. ही उडी निवेदनाने भरून काढायची असते. चित्रात जे दिसतेच आहे ते पुन्हा सांगणे हे निवेदनाचे काम नाही.

१. आधी वेळ, मग शब्द

एखादा उतारा घड्याळ लावून एक मिनिट सावकाश वाचा आणि शब्द मोजा. समजा तुमचा वेग मिनिटाला ११० शब्द आला. एक चित्र पडद्यावर ८ सेकंद राहणार असेल, तर सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक सेकंद मोकळा सोडावा, म्हणजे चित्र बदलताना वाक्य तुटत नाही. उरलेल्या ६ सेकंदांत साधारण ११ शब्द बसतात. त्याच हिशेबाने १२ सेकंदांच्या चित्राला १८ शब्द मिळतात. आपल्या व्हिडिओत सात चित्रे ८ सेकंदांची आणि स्वयंपाकघराचे चित्र १२ सेकंदांचे ठेवले, तर एकूण ६८ सेकंद आणि ९५ शब्द होतात. आकडे मात्र संहितेत अक्षरी लिहावेत, '३.५ मी.' पाहून वाचणारा अडखळतो, 'साडेतीन मीटर' सरळ वाचतो.

२. उडी कशी जोडायची

दिवाणखान्याचे रेंडर मुख्य दारातून घेतले आहे. त्यात उजव्या बाजूला जेवणाचे टेबल आणि त्यापलीकडे स्वयंपाकघर दिसते. पुढचे रेंडर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कॅमेरा ठेवून, दाराकडे पाहत घेतले आहे. नकाशा समोर ठेवून लिहिणारा विद्यार्थी हमखास असे लिहितो : 'आत येताच डावीकडे ओटा.' नकाशाप्रमाणे ते बरोबर आहे, पण कॅमेरा उलटा वळल्यामुळे चित्रात ओटा उजवीकडे आहे. प्रेक्षक गोंधळतो आणि पुढची वाक्ये त्याच्या कानावरून जातात. म्हणून दिशा नेहमी रेंडर पाहून लिहावी, आणि दोन्ही चित्रांत दिसणारी एखादी वस्तू दुवा म्हणून घ्यावी. येथे ती वस्तू म्हणजे जेवणाचे टेबल :

'आता खिडकीपाशी उभे राहून मागे पाहू. समोर तेच जेवणाचे टेबल. आपल्या उजव्या हाताला ग्रॅनाइटचा ओटा, अडीच मीटर लांब.'

हे बरोबर १८ शब्द आहेत. 'तेच' या एका शब्दाने दोन्ही खोल्या जोडल्या जातात.

३. बोललेले वाक्य म्हणजे आश्वासन

खोली पूर्ण दिसावी म्हणून रेंडरमध्ये बहुधा रुंद कोनाची लेन्स वापरतात. ३६ मिमी रुंद सेन्सरवर १८ मिमीची लेन्स आडवा ९० अंशांचा कोन दाखवते, त्यामुळे लहान खोलीही ऐसपैस वाटते. त्यावर निवेदकाने 'प्रशस्त' म्हटले की चुकीची समजूत पक्की होते. विशेषणाऐवजी माप सांगावे :

'बेडरूम तीन मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब. पलंग, कपाट फक्त नमुन्यादाखल.'

दुसरे वाक्य विसरू नये. स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. त्या ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी लागते. क्षेत्रफळ सांगताना ते चटई क्षेत्रच असावे. कायद्याच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती आणि सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी वगळली जाते. म्हणून बाल्कनीचे माप वेगळे सांगावे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीत ठळकपणे द्यावा लागतो. तो वाचण्यात शब्द खर्च न करता शेवटच्या चित्रावर ठसठशीत लिहावा.

तपासणी

नकाशा न पाहिलेल्या मित्राला व्हिडिओ एकदाच दाखवा आणि सदनिकेचा कच्चा आराखडा काढायला सांगा. स्वयंपाकघर किंवा बेडरूम त्याने चुकीच्या बाजूला काढली, तर त्या खोलीच्या चित्राआधीचे जोडवाक्य पुन्हा लिहा. नंतर त्याला विचारा, 'घर घेतल्यावर यातले काय काय मिळेल?' उत्तरात पलंगाचे नाव आले, तर संहिता अजून पूर्ण झालेली नाही.