टॉर्चला पत्ता कशाला हवा?

टॉर्च लावणारा माणूस कुठे उभा आहे, हे टॉर्चला कळायची काहीच गरज नसते. तरीही ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचे ॲप वापरणाऱ्याचे ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांपर्यंत पोचवत होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ साली त्याच्या निर्मात्यावर कारवाई केली.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या परवानग्यांचे पान असते. समजा, एका फोनवरच्या चार ॲप्सच्या या पानांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले. टॅक्सीच्या ॲपकडे लोकेशन, कॅमेरा, मायक्रोफोन आणि संपर्क, म्हणजे सर्वांत लांब यादी. टॉर्चकडे लोकेशन आणि कॅमेरा. कर्ज देणाऱ्या ॲपकडे संपर्क आणि एसएमएस. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलीतून बसवलेल्या ‘चलान’ ॲपकडे फक्त एसएमएस.

यादीची लांबी पाहून क्रम लावला तर टॅक्सी पहिली येईल, आणि तिथेच फसगत होते. टॅक्सीला लोकेशन लागतेच. खटकते ते ‘नेहमी’ हा पर्याय निवडलेला असणे. ‘ॲप वापरताना’ एवढे पुरते. संपर्क काढून घेतले तरी गाडी येतेच. टॉर्चला अँड्रॉइड ६ पासून फ्लॅश पेटवण्यापुरती कॅमेऱ्याची परवानगीसुद्धा लागत नाही, मग लोकेशन तर दूरच.

कर्जाच्या ॲपने मागितलेले संपर्क मात्र वेगळ्या जातीचे. हप्ता थकला की त्याच यादीतल्या नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्याचे प्रकार देशभर घडले. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत कर्ज ॲप्सना संपर्क, कॉल लॉग आणि फोनमधल्या फाइलींना हात लावायला मनाई केली. कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशन केवायसीसाठी एकदाच, तेही ग्राहकाच्या संमतीने, मागता येते.

तरी पहिला क्रमांक एकाच परवानगीवाल्या चलान ॲपचा. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, आणि ॲप बनवणारा कोण हे ठाऊक नाही. अशी ॲप्स बहुधा ‘ॲक्सेसिबिलिटी’ही सुरू करायला सांगतात. ती मिळाली की ॲपला पडदा वाचता येतो, बटणेही दाबता येतात. मूळ हेतू दृष्टिहीनांना मदत करण्याचा, पण चोरालाही तीच सोय. ती परवानग्यांच्या नेहमीच्या पानावर दिसत नाही, त्यामुळे तिचा स्क्रीनशॉट सेटिंग्जमधून वेगळा काढावा लागतो. इंटरनेट वापरण्याची परवानगीही तिथे ठळक दिसत नाही. ती जवळपास प्रत्येक ॲपकडे असते असेच धरून चालावे.

म्हणून क्रम असा: चलान, कर्ज, टॉर्च, टॅक्सी. चलान ॲपची परवानगी काढत बसू नये, ते थेट काढून टाकावे. बाकीच्यांची एकेक परवानगी बंद करून पाहावी. काम अडले तर ती पुन्हा देता येते.

स्क्रीनशॉट परवानगी दिली आहे एवढेच सांगतो, ती वापरली का हे नाही. त्यासाठी अँड्रॉइड १२ पासून ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ आहे. गेल्या २४ तासांत लोकेशन, कॅमेरा किंवा मायक्रोफोन कोणत्या ॲपने किती वाजता वापरला, हे तिथे दिसते. रात्री अडीचला टॉर्चने लोकेशन घेतल्याची नोंद असेल, तर तेही ॲप ठेवण्यात अर्थ नाही.