फ्लॅट पाहून गेलेली पार्टी गप्प का होते?

शनिवारी संध्याकाळी कोथरूडमधला जुना टू बीएचके एक जोडपं पाहून जातं. ताई ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसेल का ते बघतात, दादा पार्किंगचं विचारतात, आणि निघताना दोघंही म्हणतात, ‘घरी बोलून कळवतो.’ मग चार दिवस फोन नाही. मेसेजवर निळ्या टिका उमटलेल्या, उत्तर मात्र नाही. पाचव्या दिवशी एजंट विचारतो, ‘काय ठरलं मग?’ हा प्रश्न मला सगळ्यात निरुपयोगी वाटतो, कारण काहीच ठरलेलं नसतं. ज्याचं ठरत नाही त्याला ते कबूल करायला लावलं, की पुढच्या वेळी तो फोनच उचलत नाही.

फ्लॅट आवडला नसेल तर लोक बहुधा लगेच सांगतात. रस्त्याचा आवाज, अंधारं स्वयंपाकघर, कारण सापडतंच. आवडूनही गप्प बसण्याचं एक मोठं कारण पैशाचं असतं, आणि ते बोलायला जड जातं. या फ्लॅटची किंमत ८२ लाख धरू. या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६५ लाख ६० हजार कर्ज देऊ शकते. उरलेले १६ लाख ४० हजार हाताशी आहेत म्हणूनच हे जोडपं घर बघायला आलं. पण पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ७४ हजार. नोंदणीचे ३० हजार. एजंटची दलाली एक टक्का धरली तरी ८२ हजार. हे खर्च त्या कर्जाच्या हिशेबात धरले जात नाहीत. सगळं मिळून स्वतःच्या खिशातून सव्वातेवीस लाखांच्या वर जातात. हा हिशेब रविवारी दुपारी घरी मांडला जातो आणि तिथेच आवाज बंद होतो.

म्हणून पहिला मेसेज त्याच संध्याकाळी जावा, आणि त्यात त्यांनी विचारलेल्याचीच उत्तरं असावीत: पार्किंग सोसायटीने लेखी दिलेलं आहे का, मेंटेनन्स किती, भोगवटा पत्र आहे का. शेवटी प्रश्न नको. पहिला फोन सोमवारी किंवा मंगळवारी, संध्याकाळी सात ते साडेआठच्या मध्ये. घरची बैठक झालेली असते आणि माणूस ऑफिसात नसतो. फोन ज्यांनी जास्त प्रश्न विचारले त्यांना करावा. नंबर दादांनी दिला म्हणून दादांनाच करायचा, आणि निर्णय मात्र ताईंच्या हातात, असा घोळ पुष्कळदा होतो.

त्या फोनवर ‘बजेट कमी पडतंय का?’ असं थेट विचारू नये. ‘एकूण खर्चाचा कागद करून ठेवलाय, पाठवू का?’ एवढं पुरे. पैशाचीच अडचण असेल तर माणूस इथे बोलायला लागतो. मग त्याला नवं काही सांगता येतं. उदाहरणार्थ, घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ८२ हजार वाचतात. उलट मालकाने दोन लाख कमी केले, तर कर्जही त्या प्रमाणात घटतं आणि सुरुवातीला लागणारी रोकड जेमतेम ५६ हजारांनी उतरते. ‘मालकाशी बोलून कमी करून देतो’ या आमिषाला अडकलेलं गिऱ्हाईक हलत नाही ते यामुळे.

कारण पैशाचं नसेल तर वेळही बदलते. गावाकडचे वडील यायचे असतील, तर ते येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. स्वतःचा जुना फ्लॅट विकायचा असेल, तर महिन्यातून एकदाच, आणि ‘तुमच्या फ्लॅटचं कुठवर आलं?’ असं विचारत. पितृपंधरवड्यात टोकनची गोष्ट काढूच नये, मानणारे दुखावतात. दसरा जवळ आला की अनेकदा तीच माणसं आपणहून फोन करतात.

‘दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय’ हे खरं असेल तर जरूर सांगावं, तेही नेमक्या दिवसासह. खोटं असेल तर तीन आठवड्यांनी त्याच फ्लॅटची जाहिरात पोर्टलवर त्या जोडप्याला दिसतेच. त्यानंतर त्या एजंटच्या खऱ्या बातमीवरही कोण विश्वास ठेवील?

मेसेज, फोन, आठवड्याने आणखी एक फोन, एवढ्यानंतरही शांतता असेल तर शेवटचा मेसेज नकार सोपा करणारा असावा: ‘ताई, हा फ्लॅट तुमच्या यादीतून काढू का? दुसरं काही बघत असाल तर तसं सांगा.’ ‘काढा’ एवढं तरी उत्तर बहुधा येतं, आणि सोबत खरं कारणही: पार्किंग नको होतं, लिफ्ट हवी होती, सासूबाईंना चौथा मजला जमणार नव्हता. तेही आलं नाही तर थांबावं. मालक रोज विचारतोय म्हणून गिऱ्हाइकालाही रोज विचारायचं, हे मात्र करू नये. मालकाला कारण सांगणं हे एजंटचं वेगळं काम आहे. यानंतर फोन करायला निमित्त एकच: किंमत, कागदपत्रं किंवा ताबा यात खरोखर काही बदललेलं असणं.